एकच माथा, मागे सपाट पाणी

आमच्या मागच्या पडवीत तीन मीटर लांबीची पत्र्याची पन्हळ आहे. पावसाची नव्हे, मुद्दाम करून घेतलेली. तळ सपाट, कडा उभ्या, रुंदी वीतभरापेक्षा थोडी कमी, दोन्ही टोकं झाळून बंद केलेली. जमिनीवर पाणसळ लावून ती नीट सपाट बसवायची, तीन सेंटिमीटर पाणी भरायचं आणि ते अगदी स्थिर होईपर्यंत थांबायचं. मग पन्हळीच्या रुंदीची लाकडी फळी एका टोकाशी उभी धरून ती तीन सेंटिमीटर पुढे सरकवायची, साधारण अर्ध्या सेकंदात. सुरुवात हळू, मध्ये वेग, शेवट पुन्हा हळू.

फळीपुढे पाण्याचा गुळगुळीत उंचवटा तयार होतो आणि निघतो. नेहमीच्या लाटेसारखी त्याच्यापुढे दरी नसते, मागेही नसते. पुढे सपाट पाणी, मागे सपाट पाणी आणि मध्ये जेमतेम सहा मिलिमीटर उंचीचा, फूटभर लांबीचा एकच फुगवटा. पाच सेकंदांत तो दुसऱ्या टोकाला पोचतो, भिंतीवर चढतो, परत फिरतो आणि त्याच रूपात उलटा येतो. बाजूने दिवा लावून ठेवला तर पन्हळीच्या तळावर त्याची उजळ रेघ सरकताना दिसते, आणि तो आला कधी, गेला कधी हे मोबाइलच्या घड्याळावर नेमकं टिपता येतं.

पाण्याची लाट म्हटली की ती पसरणार, नाहीतर फुटणार. तळ्यात दगड टाकला की एका धक्क्याची दहा वलयं होतात. किनाऱ्यावर येणारी लाट पुढे झुकते आणि कोसळते. या फुगवट्याला यातलं काहीच होत नाही. का होत नाही, हे समजायला युरोपातल्या चांगल्या चांगल्या गणितज्ञांना साठ वर्षं लागली, आणि सुरुवात एका कालव्याच्या काठावर झाली.

ऑगस्ट १८३४. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोहून फॉलकर्ककडे जाणारा युनियन कालवा. जॉन स्कॉट रसेल हा सव्वीस वर्षांचा इंजिनिअर तिथे हर्मिस्टनजवळ नावांचे प्रयोग करत होता. त्या काळी कालव्यातल्या नावा काठावरून घोडे ओढत. एक जोडी अशीच एका नावेला वेगात ओढत असताना नाव अचानक थांबली. नाव थांबली, पण तिच्याबरोबर हलत असलेलं पाणी थांबलं नाही. ते नाळेभोवती खळबळत गोळा झालं आणि नावेला मागे टाकून एका गोल, गुळगुळीत, ठसठशीत उंचवट्याच्या रूपात पुढे निघालं. रसेल घोड्यावर होता. त्याने घोडा काठाकाठाने त्याच्या मागे घातला. उंचवटा सुमारे तीस फूट लांब, फूट ते दीड फूट उंच, आणि ताशी आठ-नऊ मैलांच्या वेगाने जात होता. उंची हळूहळू कमी झाली, पण आकार तोच राहिला. मैल-दोन मैल पाठलाग केल्यावर कालव्याच्या वळणांत तो दिसेनासा झाला.

रसेल हा नुसतं पाहून थक्क होऊन घरी जाणारा माणूस नव्हता. त्याने घरी लाकडी हौद बांधला. एका टोकाला फळीआड पाण्याची उंच रास अडवून ठेवायची आणि फळी झटकन वर उचलायची, ही त्याची एक रीत. शेकडो मोजमापं घेऊन त्याने १८४४ साली आपला अहवाल मांडला. त्यातला सर्वात महत्त्वाचा निष्कर्ष एका ओळीत बसतो:

c² = g(h + a)

इथे c हा लाटेचा वेग, h ही स्थिर पाण्याची खोली, a ही माथ्याची उंची आणि g म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण. यातलं खोलीचं पद जुनंच होतं. उथळ पाण्यात लांब लाटेचा वेग केवळ खोलीवर ठरतो, हे ठाऊक होतं. नवी होती ती बेरजेतली a. लाट जितकी उंच तितकी ती वेगवान. माझ्या पन्हळीतही हे मोजता येतं. पाण्याला जेमतेम टिचकी मारली तर ती लाट तीन मीटर जायला साडेपाच सेकंद घेते. सहा मिलिमीटरचा फुगवटा तेच अंतर पाच सेकंदांत कापतो. अर्ध्या सेकंदाचा हा फरक त्या सहा मिलिमीटरांचा.

आणि गोची इथेच आहे. उंच भाग जास्त वेगाने जात असेल, तर एकाच लाटेचा माथा तिच्या पायथ्यापेक्षा वेगाने जायला हवा. माथ्याखाली ३.६ सेंटिमीटर पाणी आहे, पायथ्याशी तीनच. शिवाय माथ्याखालचं पाणी स्वतःही पुढे सरकत असतं, त्याची भर वेगळी. म्हणजे माथा पुढच्या उताराला गाठणार, उतार क्षणोक्षणी उभा होत जाणार आणि शेवटी लाट फुटणार. जॉर्ज एअरी या इंग्लंडच्या राजज्योतिषाने १८४५ साली हेच गणिताने दाखवलं. उथळ पाण्यातली उंच लाट आकार टिकवूच शकत नाही, असं त्याचं समीकरण सांगत होतं. रसेलच्या लाटेला वेगळं काही मानायला तो तयार नव्हता. जॉर्ज स्टोक्सनेही दोन वर्षांनी शंकाच घेतली. एका बाजूला घोड्यावरून पाहिलेली, हौदात शेकडोदा मोजलेली लाट, आणि दुसऱ्या बाजूला त्या काळातले सर्वात जाणते लोक सांगताहेत की अशी लाट असू शकत नाही. मला या भांडणात दोघांचीही बाजू खरी वाटते. एअरीच्या गणितात चूक नव्हती. त्याने जे गृहीत धरलं, त्यातून तेच निघतं. त्याने एक गोष्ट वगळली होती, एवढंच.

ती वगळलेली गोष्ट म्हणजे लाटांचं पांगणं. कुठलाही फुगवटा हा लांब-आखूड अशा अनेक साध्या लाटांची बेरीज म्हणून पाहता येतो. फुगवटा जितका टोकदार, तितकी त्याच्यात आखूड लाटांची भर जास्त. या सगळ्या लाटा एकाच वेगाने जात नाहीत. लांब लाटेत तळापासून पृष्ठभागापर्यंतचं सगळं पाणी जणू एकत्र मागेपुढे होतं. आखूड लाटेत मात्र पाण्याला थोड्या अंतरात भराभर वर-खालीही व्हावं लागतं. त्या जडपणावर जोर खर्ची पडतो आणि लाट मागे पडते. म्हणून त्याच खोलीच्या पाण्यात आखूड लाट लांब लाटेपेक्षा हळू जाते. फुगवट्याला त्याच्या नशिबावर सोडलं तर त्यातल्या आखूड लाटा मागे राहत जातील, माथा बसत जाईल आणि मागे बारीक लहरींची शेपटी लांबत जाईल. पन्हळीत फळी फार झटक्याने ढकलली की हीच शेपटी दिसते. ती दिसली की समजावं, ढकलणं चुकलं.

आता या दोन गोष्टी एकत्र पाहा. माथा पुढे धावतो म्हणून पुढचा उतार उभा होतो. उतार उभा झाला म्हणजे त्यात आखूड लाटा वाढल्या. आखूड लाटा हळू चालतात, म्हणून त्या पुढच्या उतारातून मागे सरकतात. उतार पुन्हा सौम्य होतो. पहिली प्रवृत्ती एकटी असती तर लाट फुटली असती, दुसरी एकटी असती तर ती विरून गेली असती. दोन्ही एकाच वेळी, एकाच वेगाने काम करत राहिल्या तर एकीने केलेलं दुसरी निस्तरते आणि लाट जशीच्या तशी पुढे जाते.

पण दोघींचा जोर सारखा हवा. तो कशावर ठरतो? माथ्याचा आगाऊपणा लाटेची उंची खोलीच्या किती पट आहे यावर ठरतो. पांगण्याचा जोर खोली लाटेच्या लांबीच्या किती पट आहे, त्याच्या वर्गावर ठरतो. म्हणून खोली आणि उंची ठरली की लांबी आपोआप ठरते. ती निवडायची मुभा लाटेला नाही. उंच लाट आखूड आणि चपळ असणार, बुटकी लाट लांब आणि संथ. नियमापेक्षा लांबट फुगवटा सोडला तर माथ्याचा जोर वरचढ होतो आणि लाट आखूड होत जाते. फार आखूड सोडला तर पांगणं वरचढ होतं, लाट बुटकी आणि लांब होते, आणि जादा पाणी लहरी होऊन मागे गळतं. दोन्ही बाजूंनी ती आपल्या मापावर येते. म्हणूनच नाव थांबताना उसळलेल्या ओबडधोबड पाण्यातूनही रसेलला सुबक फुगवटा मिळाला.

त्याने घोड्यावरून अंदाजलेले आकडे या नियमात बसतात का, हे मी ताडून पाहिलं. ताशी साडेआठ मैल म्हणजे सेकंदाला ३.८ मीटर. त्याच्याच सूत्रात घातलं तर खोली आणि उंची मिळून सुमारे १.४७ मीटर येतात. दीड फुटाच्या आतबाहेर लाट धरून ०.४ मीटर वजा केले की खोली १.०७ मीटर उरते. कालवा मध्यभागी याहून खोल आहे, सुमारे दीड मीटर. पण त्याचे काठ उतरते, आणि अशा कालव्यात वेग ठरतो तो सरासरी खोलीवर, म्हणजे पाण्याच्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले पृष्ठभागाची रुंदी यावर. तेव्हा एक मीटरच्या आसपासचा आकडा पटण्यासारखा आहे. आता एवढ्या खोलीत ०.४ मीटर उंच लाटेची लांबी किती असायला हवी? तत्त्वतः या लाटेला टोक नाही, तिचे उतार पाण्याच्या पातळीत विरत जातात. पण गणित सांगतं की माथ्यापासून दोन्हीकडे पंधरा-पंधरा फुटांवर तिची उंची पावणेदोन सेंटिमीटरच उरते. धावत्या घोड्यावरून पाहणाऱ्याला तिथे लाट संपली असंच वाटणार. तीस फूट, त्याने लिहिलं होतं. उंची खोलीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त झाली की हे सोपं गणित थोडं ताणलं जातं, तरीही हा मेळ पाहून मला त्या माणसाच्या नजरेबद्दल फार आदर वाटला.

एअरीने वगळलेलं पांगणं हिशेबात घेऊन पहिलं समाधानकारक उत्तर १८७१ साली फ्रान्सच्या जोसेफ बुसिनेस्कने दिलं. त्याआधी बाझँ या फ्रेंच इंजिनिअरने बर्गंडीच्या कालव्यात प्रयोग करून रसेलचा वेगाचा नियम पडताळला होता. १८७६ मध्ये लॉर्ड रॅलेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले. १८९५ साली डच गणितज्ञ डीडेरिक कोर्तेवेग आणि त्यांचा विद्यार्थी गुस्ताव द व्ह्रीस यांनी ताठ होणं आणि पांगणं ही दोन पदं शेजारी शेजारी मांडणारं समीकरण प्रसिद्ध केलं. ते आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. रसेल तेव्हा हयात नव्हता. तो १८८२ मध्येच गेला.

पन्हळीतली आणखी एक गंमत इथे सांगायला हवी. पाण्यावर राजगिऱ्याची एक लाही टाकून ठेवा. साध्या तरंगात ती जागच्या जागी डोलते. हा फुगवटा आला की ती पुढे सरकते आणि तो गेल्यावर तिथेच थांबते, मागे येत नाही. सरकते किती? सुमारे तीन सेंटिमीटर, म्हणजे आपण फळी ढकलली तितकीच. यात योगायोग नाही. फळीने जेवढं पाणी पुढे सारलं तेवढंच पाणी फुगवट्यात आहे, आणि फुगवटा जिथून जातो तिथलं वरपासून खालपर्यंतचं सगळं पाणी तो तेवढंच पुढे ठेवून जातो. म्हणून रसेलने हिला स्थलांतराची लाट म्हटलं होतं. फळी मागे ओढून खड्डा सोडला तर मात्र एकाकी लाट तयार होत नाही. खड्ड्याचा तळ कमी खोलीवर असल्याने तो मागे रेंगाळतो, आणि त्या बाजूला तोल साधणारं काही नसतं. हेही रसेलने हौदात पाहिलं होतं.

आता दोन लाटांचं काय होतं ते पाहू. समजा वीस सेंटिमीटर खोलीचा लांब हौद आहे. त्या खोलीत दोन सेंटिमीटर उंचीच्या एकाकी लाटेची एक ठरलेली लांबी असते. त्याच लांबीचा, पण तिप्पट उंच, म्हणजे सहा सेंटिमीटरचा फुगवटा एका दिशेने सोडला. ती उंची त्या लांबीला झेपणारी नाही. कोर्तेवेग आणि द व्ह्रीस यांच्या समीकरणानुसार या फुगवट्याचे बरोबर दोन तुकडे होतात, एक आठ सेंटिमीटरचा आणि एक दोन सेंटिमीटरचा. शेपटीत वाया काहीच जात नाही. मूळ राशीपेक्षा उंच लाट तिच्यातून बाहेर पडते, हे वाचायला चुकीचं वाटतं, पण ती तेवढीच आखूडही असते, त्यामुळे पाण्याचा हिशेब जुळतो. उंच लाट सेकंदाला सुमारे १.६६ मीटर जाते, बुटकी १.४७. दहा सेकंदांनी दोघींत जेमतेम दोन मीटरचं अंतर पडलेलं असतं आणि तोवर त्या पंधरा-सोळा मीटर पुढे गेलेल्या असतात. असे प्रयोग करायला हौद इतके लांब का लागतात, ते यावरून कळावं. एका राशीतून दोन लाटा निघताना रसेलनेही पाहिल्या होत्या.

हाच चित्रपट उलटा चालवला की आठ सेंटिमीटरची लाट मागून येऊन दोन सेंटिमीटरच्या लाटेला गाठते. एकमेकींत मिसळल्या की उंची दहा व्हायला हवी, असं आपल्याला वाटतं. ती सहा होते. त्यानंतर आठाची लाट पुढून बाहेर पडते, दोनाची मागे राहते, दोघींच्याही उंचीत किंवा आकारात कसलाही फरक नाही. भेट झाल्याची खूण एकच उरते. उंच लाट एरवी जिथे असती त्याच्या थोडी पुढे असते आणि बुटकी थोडी मागे. उंचीत फार तफावत नसेल तर त्या मिसळतही नाहीत. मागची लाट जवळ येता येता आपली उंची पुढचीला देऊन टाकते आणि स्वतः बुटकी होऊन मागे राहते. १९६५ साली अमेरिकेत नॉर्मन झाबुस्की आणि मार्टिन क्रुस्कल यांनी संगणकावर हे समीकरण सोडवताना लाटा अशा एकमेकींतून सहीसलामत जाताना पाहिल्या. वागणं कणांसारखं, म्हणून त्यांनी प्रोटॉन-इलेक्ट्रॉनच्या चालीवर नाव ठेवलं, सॉलिटॉन.

हे नाव लोकप्रिय झाल्यावर त्सुनामी म्हणजे सॉलिटॉनच, असंही अनेक ठिकाणी छापून येऊ लागलं. ते मला खटकतं, कारण आकडे तसं म्हणत नाहीत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीची खोल समुद्रातली उंची उपग्रहाने सुमारे साठ सेंटिमीटर मोजली होती. चार हजार मीटर खोल पाण्यात साठ सेंटिमीटर म्हणजे माथा पायथ्यापेक्षा इतका नगण्य जलद, की शेकडो किलोमीटर लांबीच्या त्या लाटेचा उतार नजरेत भरण्याइतका उभा व्हायला दहा लाख किलोमीटरहून जास्त अंतर लागेल. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर. तोल साधायला मुळात दोन्ही प्रवृत्तींना काम करण्याइतकी वाट मिळायला हवी, आणि महासागरात ती नाही. त्सुनामी दूरवर टिकते ती साधी लांब लाट म्हणून. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात तिचा पुढचा उतार कधीकधी ओळीने अनेक फुगवट्यांत तुटतो, तिथे मात्र हे गणित लागू पडतं.

खुद्द एकाकी लाटेलाही मरण आहे. पाणी तळाला आणि कडांना घासतं. माझ्या पन्हळीत सहा मिलिमीटरचा फुगवटा चार खेपा झाल्या की अडीच मिलिमीटरवर येतो. पण उतरतानाही तो नियम सोडत नाही. उंची घटते तसा तो लांब आणि संथ होत जातो, प्रत्येक क्षणी आपल्या त्या वेळच्या उंचीला साजेसा. वरच्या बाजूलाही हद्द आहे. उंची खोलीच्या सुमारे ०.८३ पटीपलीकडे गेली तर माथा टोकदार होऊन फुटतो, कारण एवढ्या ताठपणाला पांगणं पुरं पडत नाही. आणि कालवा वळला की आतल्या काठाला वाट आखूड, बाहेरच्या काठाला लांब. माथ्याची सरळ रेघ तिरकी होते, काठावर आपटून तिचे तुकडे होतात. रसेलच्या हातून ती वळणांतच निसटली होती.

एडिंबरोबाहेर, त्याच युनियन कालव्यावर एका ठिकाणी कालवा पुलावरून नेला आहे. तिथे पाण्याला उतरते काठ नाहीत. उभ्या भिंती, सपाट तळ, दीड मीटर खोली आणि ८९ मीटर सरळ लांबी, म्हणजे जवळजवळ माझ्या पन्हळीचाच आकार. त्या पुलाला आता रसेलचं नाव दिलं आहे. १२ जुलै १९९५ रोजी जवळच्या विद्यापीठात परिषदेला जमलेल्या शास्त्रज्ञांनी तिथे नाव वेगात आणून थांबवली आणि नाळेपासून सुटलेला पाण्याचा फुगवटा पुढे जाताना पाहिला. एक फूट उंचीची लाट धरली तर तो पूल ओलांडायला तिला एकवीस सेकंद लागतात.